भेग की तडा?



मृग जवळ आला की माझ्या फोनवर भिंतींचे फोटो यायला लागतात. बहुतेक फोटो मुंबईकरांचे असतात. मे महिन्यात गावी आलेला माणूस घर उघडतो, भिंतीवर रेघ बघतो, आणि परत जायच्या आधी मला फोटो पाठवून विचारतो, "साहेब, घर पावसाळा काढील ना?"

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत, भेग आणि तडा. आज मी ते दोन वेगळ्या अर्थांनी वापरणार आहे. गिलाव्यापुरती राहते ती भेग. खालच्या चिऱ्यातून किंवा चिऱ्यांच्या सांध्यातून जातो तो तडा. दोन्ही फोटोत सारखेच दिसू शकतात, म्हणून एक उदाहरणच सांगतो.

पावसच्या बाजूचे एक घर. जुने घर जांभ्याचे, जोते भक्कम. वीसेक वर्षांपूर्वी मागची पडवी काढून तिथे नवे स्वयंपाकघर बांधलेले, तेही भराव टाकून केलेल्या जमिनीवर. मालक डोंबिवलीला. त्यांनी मला तीन फोटो पाठवले.

पहिला फोटो माजघराच्या भिंतीचा होता, आणि घरातली सगळी त्यालाच घाबरली होती. भिंतभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. पण त्या जाळ्याला दिशा नव्हती. एकही रेघ भिंतीच्या एका टोकाकडून दुसरीकडे निघाली नव्हती, सगळ्या एकमेकींत मिसळून संपत होत्या. सिमेंटचा गिलावा सुकताना आकसतो. त्यात सिमेंट जास्त पडले किंवा त्यावर पुरेसे पाणी मारले नाही, की असे जाळे उमटते. शिवाय फोटो काढताना बॅटरी बाजूने धरली होती. तिरप्या उजेडात रेघेच्या कडेची सावली पडते आणि केसाएवढी भेग बोटाएवढी वाटते. मी त्यांना पेन्सिलची ०.५ मिलिमीटरची शीस रेघेत घालून बघायला सांगितले. ती कुठेच गेली नाही. मग एक रुपयाचे नाणे भिंतीवर ठोकत न्यायला सांगितले. दोन जागी पोकळ आवाज आला. तिथला गिलावा सुटला होता, तेवढा खरवडून पुन्हा करायचा. भिंतीला काही झाले नव्हते.

दुसऱ्या फोटोत नव्या स्वयंपाकघरात सिमेंटच्या खांबाला लागून वरपासून खालपर्यंत सरळ रेघ होती. पट्टीने आखल्यासारखी. सिमेंटचा खांब आणि जांभ्याची भिंत ऊन-पावसात सारख्या मापाने फुगत-आकसत नाहीत, म्हणून गिलावा नेमका त्यांच्या सांध्यावर फाटतो. गिलाव्याआधी सांध्यावर जाळी मारली असती तर ही भेग बहुधा दिसलीच नसती. अशीच आडवी रेघ वरच्या स्लॅबच्या खाली, भिंतीच्या माथ्यावर येते. एप्रिल-मेच्या उन्हात स्लॅब पसरतो, भिंत तेवढी पसरत नाही. ती रेघ सिमेंटने बुजवली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते, म्हणून तिथे लवचीक सीलंट भरावे.

तिसरा फोटो त्यांनी ओट्याची फरशी दाखवायला काढला होता. त्याच्या कडेला, खिडकीच्या कोपऱ्यातून वर निघालेली एक तिरपी रेघ होती. बारीकच, पण खाली केसाएवढी आणि वर जाताना रुंद होत गेलेली. ती चिऱ्यांच्या सांध्यांतून पायऱ्या चढत गेली होती. मला काळजी वाटली ती या रेघेची. भिंतीचे एक टोक खाली बसले की भिंत त्या बाजूला कलते आणि माथ्याकडे जास्त उघडते. रेघेची दिशा आणि तिची वाढत जाणारी रुंदी मिळून हे सांगतात. मी विचारले, बाहेरच्या अंगालाही त्याच जागी रेघ आहे का? होती. वरच्या टोकाला एटीएम कार्डाची कड आत गेली, म्हणजे तिथे रुंदी पाऊण मिलिमीटरहून जास्त. तळहाताएवढा गिलावा काढल्यावर खालचा सांधाही फाटलेला निघाला. हा तडा होता.

पण तडा दिसला म्हणजे घर पडणार, असे नाही. तो जुना होऊन थांबलेला आहे की अजून चालतो आहे, हे एका फोटोवरून कळत नाही. त्यासाठी मोजावे लागते. पूर्वी तड्यावर प्लास्टरने काचेची पट्टी चिकटवत. काच फुटली की भिंत हलली हे कळे, किती हलली ते कळत नसे. आम्ही तड्याच्या दोन्ही बाजूंना, गिलावा काढून थेट चिऱ्यात, दोन बारीक स्क्रू बसवले. अंतर बरोबर १०० मिलिमीटर. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख घातली. गावातला चुलतभाऊ दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी व्हर्नियरने अंतर मोजायचा आणि फोटो काढायचा. एक फोटो लांबून, पूर्ण भिंतीचा. दुसरा जवळून, मोबाइल भिंतीसमोर सरळ धरून, तड्याशेजारी पट्टी चिकटवून. पट्टीशिवायच्या फोटोवरून रुंदी ठरवता येत नाही.

जूनमध्ये अंतर १००, ऑगस्टला १००.६, सप्टेंबरला १०१.२. नोव्हेंबरला १०१.३, आणि मार्चमध्येही १०१.३. ऋतूमुळे उघडणारी भेग ऋतू पालटला की मिटते. हा तडा पावसात उघडला आणि उन्हाळ्यात परत फिरला नाही. म्हणजे पाण्याने जमीन बसत होती. पाहिले तर जुन्या आणि नव्या छपराच्या पन्हळीचे सगळे पाणी त्याच कोपऱ्यावर, भरावात पडत होते. पन्हळीला पाइप लावून पाणी लांब नेले, जोत्याभोवती उतार दिला. पुढच्या पावसाळ्यानंतर माप १०१.४ आले. तेव्हाच तडा भरला. आधी भरला असता तर तो चालतो आहे हे सांगणारी खूणच पुसली गेली असती.

दोन गोष्टींत मात्र मोजत बसू नका. पहिली, आपल्या खाऱ्या हवेतली सिमेंटची तुळई किंवा खांब. सळईच्या रेषेत रेघ आली आणि तिथे तांबूस डाग दिसला, तर रेघ केसाएवढी असली तरी तो गंजाचा दाब आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. इथे रुंदी बघू नका, डाग बघा आणि इंजिनीअर बोलवा. दुसरी, रेघ दिवसांत वाढली, तिच्याजवळचे दार अचानक अडकू लागले, किंवा खांबाचे तुकडे गळू लागले, तर फोटो पाठवायच्या आधी माणसे बाहेर काढा.

म्हणून या मे महिन्यात फोटो काढाल तेव्हा शेजारी पट्टी लावा, भिंतीवर तारीख घाला आणि गावातल्या कुणाला तरी महिन्यातून एकदा तिथे उभे राहायला सांगा. पावसाळ्याआधीचे माप हातात असेल, तरच पावसाळ्यानंतरच्या मापाला अर्थ येईल.