‘बघू’ या शब्दाचा अर्थ

१९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मूल केव्हा व्हावे हे ठरविण्याची साधने त्यातून पुढे आली. पण नवराबायकोंनी ते एकमेकांशी बोलायचे कसे, हा प्रश्न उरलाच.

पाथर्डी तालुक्यातील एका ऊसतोड जोडप्याने मोबाइलवरचा आपला संवाद आमच्यापुढे ठेवला. दोघांच्या संमतीने, ओळख गाळून तो सांगतो. ती माहेरी होती, तो गावी.

ती : आत्याबाई पुन्हा विचारत होत्या.
तो : तुला काय वाटतं?
ती : तुम्ही म्हणाल तसं.
तो : उचल फिटू दे, मग बघू.
ती : मागच्या वर्षी हेच म्हणालात.
तो : घरावर पत्रेही टाकायचेत.
ती : कोपीत बाळंतपण मी करणार नाही.
तो : अर्ध्या कोयत्याला मुकादम उचल देईल का?

पुढे उत्तर नाही.

वरवर पाहता तिला मूल हवे आहे आणि तो टाळतो आहे. आम्हीही प्रथम तसेच म्हणालो. मग ‘हवे की नको’ आणि ‘केव्हा’ हे दोन प्रश्न वेगळे करून पुन्हा वाचले. ‘मला हवे’ असे ती कोठेच म्हणत नाही. मागणी सासूच्या तोंडची आहे. ‘तुम्ही म्हणाल तसं’ ही संमती नव्हे, जबाबदारी दुसऱ्यावर ठेवणे आहे. तिचे स्वतःचे ठाम वाक्य एकच, कोपीचे. त्याची अट मात्र सरकते : आधी उचल, मग पत्रे. सरकणाऱ्या अटीमागे दुसरेच कारण असते, आणि ते शेवटच्या ओळीत बाहेर पडते. आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता. ती हंगामाला आली नाही, तर जोडी मोडते आणि उचलीचा आधार जातो.

पण हा झाला आमचा तर्क. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, आणि घरातला मोबाइल दुसरेही वाचतात. म्हणून माणूस तेथे जपून लिहितो. तेव्हा आम्ही दोघांना वेगवेगळे बसवून एकच प्रश्न विचारला : ‘उचल फिटली, पत्रेही पडले, असे समजा. मग केव्हा?’ अट खरी असेल तर माणूस महिना सांगतो. नसेल तर नवी अट काढतो.

तो म्हणाला, ‘मग हंगामाला जोडीला कोण?’ म्हणजे नवी अटच निघाली. पण मूल नको असे तो म्हणाला नाही. ती म्हणाली, ‘यंदा मलाच नको. ह्यांनी नाही म्हटलं असतं, तर आत्याबाईंना सांगता आलं असतं.’

यंदा नको, यावर दोघांचे एकमत होते आणि दोघेही ते लपवीत होते. खरा मतभेद पुढचा : मूल झाल्यावर तिचे फडावरचे काम कोणी करायचे? त्यावर त्यांच्या संवादात एकच ओळ होती, आणि तिला उत्तर नव्हते. धाकट्या भावाशी एक हंगाम जोडी जमते का, हे विचारायला तो त्याच संध्याकाळी गेला.