चावी एकाच खिशात नको
(मनोरी येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत काम करतो. विंचवर एकच माणूस आणि त्याला बदली नाही, असं काम कुणी शहाणा मुकादम सुरू करत नाही. माणूस चक्कर येऊन पडला तर माल हवेत लटकतो आणि खाली टोळी उभी असते. पण आपल्या वस्तीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आपण नेमका असाच चालवतो. दोनशे माणसं खाली आणि अ‍ॅडमिन एक. मार्वेची बोट बंद आहे का, पाणी कधी येणार, मोर्चा किती वाजता, सगळं त्या एका खिशातून येतं. तो खिसाच गेला तर काय करायचं, तेवढंच आज बोलतो.

आधी हे बघा की अ‍ॅडमिन नेमका गेला कसा. जाण्याच्या तऱ्हा वेगळ्या, तसे इलाजही वेगळे. एकुलता एक अ‍ॅडमिन स्वतः ग्रुप सोडून गेला, तर ग्रुप मरत नाही. व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांतला कुणीतरी एक उचलून अ‍ॅडमिन करतं. लॉटरीच ती. तो शहाणा असेल किंवा फोन न उघडणारा आजोबाही असेल. म्हणून अ‍ॅडमिन सोडून गेला की आरडाओरड नंतर, आधी `Group info` उघडा. सदस्यांच्या यादीत ज्याच्या नावापुढे `Group admin` दिसेल त्याला गाठा. त्याने एखाद्या नावावर बोट दाबून धरलं की `Make group admin` येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

खरी गोची दुसरीकडे असते. माणूस ग्रुप सोडत नाही, पण नाहीसा होतो. फोन हरवतो, नंबर बंद पडतो, नाहीतर माणूसच जातो. यंत्राच्या हिशोबी तो अजून खुर्चीवर बसलेलाच असतो, म्हणून दुसरा कुणी नेमला जात नाही.

आमच्या वस्तीत गेल्या पावसाळ्यात हेच झालं. ग्रुप काढणारे काका वारले. फालतू फॉरवर्ड थांबावेत म्हणून त्यांनी फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं असं लावून ठेवलं होतं. झालं. ते गेले ही बातमीसुद्धा त्या ग्रुपवर कुणाला टाकता येईना. नवा माणूस घेता येईना. दोनशेदहा जण एकमेकांकडे मुक्यासारखे बघत बसले.

मार्ग होता तो त्यांच्या सिमकार्डात. अ‍ॅडमिनपद फोनला चिकटलेलं नसतं, नंबरला चिकटलेलं असतं. आम्ही काकूंकडे गेलो, दुखवटा सरल्यावर समजावून सांगितलं. त्यांच्या मुलाने ते सिम दुसऱ्या फोनात घातलं, व्हॉट्सअ‍ॅप चढवलं, तोच नंबर टाकला. एसेमेसने सहा आकडी कोड आला, तो टाकला. मग अ‍ॅपने आणखी एक पिन मागितला. काकांनी टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं होतं आणि पिन घरात कुणालाच ठाऊक नव्हता. ईमेल दिलेला असता तर त्यावरून पिन बदलता आला असता. नव्हता. मग सात दिवस थांबावं लागलं, तेवढ्या मुदतीनंतर पिन नव्याने लावता येतो. आठव्या दिवशी मुलगा आत गेला. ग्रुप तिथेच होता, अ‍ॅडमिनपदही तिथेच. त्याने तिघांना अ‍ॅडमिन केलं, सगळ्यांना लिहायची मुभा परत दिली आणि मग वडिलांचा नंबर ग्रुपमधून बाहेर काढला.

यात तीन गोष्टी ध्यानात धरा. एक, हे सगळं घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने करायचं. मेलेल्या माणसाची खासगी बोलणी वाचायचा हक्क आपल्याला नाही. दोन, तो सहा आकडी कोड फोनवर मागणारा कुणीही असो, अगदी ओळखीचा वाटला तरी द्यायचा नाही. कोड दिला की चावी चोराच्या हातात. तीन, वेळ घालवायचा नाही. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि पुढे तो भलत्याच माणसाला मिळतो. म्हणून सिम आधी रिचार्ज करा.

जिवंत माणूस नंबर बदलत असेल तर एवढी मारामारी नको. त्याने जुन्या सिमवर असतानाच `Change number` वापरावं. ग्रुप आणि अ‍ॅडमिनपद नव्या नंबरवर येतं.

आता बंडाची गोष्ट. दुसऱ्याला अ‍ॅडमिन केलं आणि तोच उलटला तर? ज्याने ग्रुप काढला त्याला इतर अ‍ॅडमिन काढू शकत नाहीत. बाकी सगळ्यांना काढू शकतात. अशा भांडणात कंपनी पंच म्हणून येईल अशी आशा धरू नका. तिथे एकच इलाज, यादी. तुम्ही आत आहात तोवर सदस्यांचे नंबर दिसतात. ते वहीत उतरवा आणि नवा ग्रुप काढा. माणसं आपली आहेत, डबा दुसरा घेता येतो.

आपली पोरं अ‍ॅडमिन व्हायला घाबरतात. कुणी काही टाकलं तर पोलीस आपल्याला उचलतील म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. सदस्याने काय लिहावं हे आधी रोखायची ताकद अ‍ॅडमिनकडे नसते, त्यामुळे सामायिक इरादा किंवा आधी ठरलेला कट दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या लिहिण्यापायी तो गुन्हेगार ठरत नाही, असं कोर्टाने धरलं. अर्थात निकाल आला तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येत नव्हता. आज येतो. म्हणून घाण दिसली की पुसा आणि कधी पुसली ते लिहून ठेवा.

शेवटची तऱ्हा, ग्रुप किंवा पानच वरून बंद होणं. 20 डिसेंबर 2020 ला शेतकरी आंदोलनाचं किसान एकता मोर्चाचं फेसबुक पान बंद पडलं. देशभर बोंब झाली आणि त्याच दिवशी ते परत आलं. वाढलेली हालचाल आपल्या यंत्रणेने स्पॅम समजली, असं फेसबुकने सांगितलं. त्यांच्यामागे देशभरचा आवाज होता. आपल्यामागे कागद लागतो. पडद्यावर जे लिहून आलं त्याचा तारखेसकट फोटो काढा. अ‍ॅपमध्ये फेरतपासणी मागायची सोय दिसली तर ती आधी मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, भारतात त्याचं नाव-पत्ता जाहीर करणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असते. त्याचं उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत `gac.gov.in` वर सरकारी अपील समितीकडे जाता येतं. 2023 पासून ही सोय आहे. पण अपील करेपर्यंत दिवस जातात, आणि मोर्चा उद्या असतो. तेव्हाही वहीतली यादीच कामाला येते.

म्हणून आपल्या बैठकीत ठराव लिहा. अ‍ॅडमिन तीन, तिघं वेगवेगळ्या घरांतले, त्यात एक बाई. टू-स्टेपला ईमेल जोडलेला. सदस्यांना विचारून केलेली नंबरांची वही दोन ठिकाणी, दर तीन महिन्यांनी तपासलेली. घरी जायच्या आधी इथेच फोन काढा आणि आपल्या ग्रुपात अ‍ॅडमिन किती आहेत ते मोजा. एकच निघाला तर दुसरा आत्ताच करून घ्या, तो माणूस समोर बसलाय तोवर.