मोहन बेताचं घाला

दिवाळीच्या शुभेच्छा कशा द्याव्यात, हे मी सांगणार म्हटल्यावर घरात हसले सगळे. पण माझा प्रश्न एकाच माणसापुरता आहे. ज्याची नोकरी श्रावणात गेली आणि आता दिवाळी आली, त्या मित्राला काय लिहायचं?

गेल्या वर्षी माझ्यावर ती वेळ आली. मित्र चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. 23 वर्षं. खातंच बंद झालं. मी वसुबारसेला निरोप लिहायला घेतला: "ऐकून फार वाईट वाटलं. काळजी करू नकोस, देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरं उघडतो. काहीही लागलं तर निःसंकोच सांग." बायको चकल्या पाडत होती. तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे दिवाळीचं आहे की दहाव्याचं?"

मग सोऱ्या बाजूला ठेवून तिनं मला मोहन समजावलं. वाटीभर भाजणीला दोन चमचे कडकडीत तेल पुरतं. मायेनं पळीभर ओतलंत, तर चकली घाण्यात पडताच विरघळते. झाऱ्यावर चुरा येतो. आणि मोहन घातलंच नाही, तर चकली दगड. पणतीचं चित्र आणि खाली "ही दिवाळी भरभराटीची जावो", असा सगळ्यांना धाडलेला निरोप त्यालाही धाडणं म्हणजे ती बिनमोहनाची चकली. लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर भरभराट! तुम्ही विचार न करता पाठवलंत, हे त्याला पहिल्या ओळीत कळतं.

तर मोहन, दोन चमचे. नोकरीचा उल्लेख एका वाक्यात करा, टाळू नका. टाळलात की तो पाडव्यापर्यंत "ह्याला कळलंय की नाही" या विचारात बसतो. एक वाक्य, आणि पुढे सरका. आणि "काळजी करू नकोस" लिहू नका. हे मी पुन्हा सांगणार आहे. काळजी त्याला आहेच. ती करू नको म्हणणारे आपण कोण?

मग लिहायचं काय? त्याच्याकडे काहीतरी मागा. अहो, "काही लागलं तर सांग" हे वाक्य वाईट नाही, पण त्यात मागायचं काम त्याच्याच गळ्यात पडतं. तुम्ही मागा. माझा मित्र आकाशकंदील सुरेख करतो, बांबूच्या कामट्यांचा. मी अखेर पाठवलं ते असं:

"चाकणचं कळलं. 23 वर्षांनंतर असं व्हावं, राग आला मला. दिवाळीच्या शुभेच्छा. आमचा कंदील यंदा पुन्हा वाकडा झालाय, कामट्या खालून सुटतात. धनत्रयोदशीला साडेपाचला ये, खळ मी करून ठेवतो. वहिनींना सांग, आमची शेव बिघडली आहे, तुमची पाठवा."

आला. आल्या आल्या म्हणाला, "कामट्या भिजवल्या होत्यास का?" भिजवल्या नव्हत्या. माझ्या अडाणीपणावर अर्धा तास व्याख्यान झालं. नोकरीचा विषय त्यानं स्वतःच काढला, साडेसातला, दोरा बांधताना. मी विचारलं असतं तर निघाला नसता.

शेवेचंही तसंच. फराळाचा डबा आपण रिकामा परत करत नाही. नुसता तुमच्याकडून गेला, दोन थर जास्त भरून, तर ती मदत झाली; शेव घेऊन परत आला तर ती दिवाळी. आणि मुलांच्या हातावर दरवर्षी शंभर ठेवत असाल तर यंदाही शंभरच. पाचशे ठेवलेत तर मुलं खूश होतात, बाप मान खाली घालतो. तेच ते, मोहन जास्त झालं.

आणखी एक. "बोनस झाला का?" हा आपला दिवाळीचा ठरलेला प्रश्न. त्याला तो विचारू नका, पण कंदील लावून झाला की एक व्यवहाराची गोष्ट कानावर घाला. बोनस मागच्या हिशेबाच्या वर्षाचा असतो. त्या वर्षात निदान 30 दिवस काम झालं असेल आणि पगार कायद्याच्या मर्यादेत बसत असेल, तर नंतर नोकरी गेली म्हणून त्या वर्षाचा बोनस बुडत नाही. किमान 8.33 टक्के, म्हणजे हिशेबात धरलेल्या वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. पगाराची मोजणी यात कशी धरतात, ते जरा... स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट वर झालंय. एकच मिनिट उरलं म्हणतात. ते राहू दे.

पण "काळजी करू नकोस" लिहू नका, बरं का. आज वसुबारस आहे. तुमच्या त्या मित्राला काय येतं ते आठवा, आणि रात्रीच्या आत त्याच्याकडे मागा.