वेबसाइटचा करार करताना

आम्ही दोघी बडोद्यात दुकानदारांच्या वेबसाइट तयार करतो. पहिला करार एका ओळीचा होता: ‘वेबसाइट, रुपये 40,000.’ त्या फरसाणवाल्या काकांनी 11 वेळा रंग बदलून घेतले. चूक आमचीच, कुठे थांबायचं ते लिहिलंच नव्हतं.

आता आम्ही दुरुस्तीच्या दोन फेऱ्या लिहितो. एक फेरी म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या सूचना एकाच लेखी यादीत. आज काकांचा फोन, उद्या जावईबापूंचा, असं चालत नाही. मंजुरीनंतर नवं पान हवं असेल तर ते नवं काम, त्याचे पैसे वेगळे.

पैसे तीन टप्प्यांत: सुरुवातीला 16,000, डिझाइन मंजूर झालं की 16,000, आणि साइट सुरू करण्याआधी 8,000. साइट सुरू झाल्यावर उरलेला हप्ता मागणं किती अवघड, ते आम्हाला विचारा!

राहिली मूळ फाइल. पैसे दिले की डिझाइन आपलं, असं सगळ्यांना वाटतं. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, करणारा पगारी नोकर नसेल तर अशा डिझाइनचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. तो द्यायचा तर लेखी, सहीनिशी. त्यातही मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं धरतात. म्हणून आमच्या करारात वाक्य असतं: शेवटचा हप्ता मिळताच सर्व हक्क कायमचे, जगभरासाठी, मूळ फिग्मा फाइलीसह ग्राहकाचे. विकतच्या फॉन्टचा परवाना मात्र ग्राहकानं स्वतःच्या नावावर घ्यायचा. तो आमचा नसतोच, तर देणार कसा?