नाव बरोबर पोचलं का?

(डिंगोरे येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मागच्या वर्षी आम्ही शिष्यवृत्तीसाठी बारा मुलांची यादी एका कार्यालयाला ईमेलने पाठवली. आमच्या लॅपटॉपवर ती सुरेख दिसत होती. दोन दिवसांनी तिकडून फोन आला, "यादीत नावंच नाहीत." त्यांनी पडद्याचा फोटो पाठवला. जिथे नावं हवी होती तिथे `à¤¡` अशा चिन्हांच्या ओळी होत्या. अर्जाची मुदत संपायला एकच दिवस उरला होता.

त्या दिवशी दोन गोष्टी शिकलो. एक, नाव नीट लिहिणं. दुसरी, ते समोरच्याला नीट दिसतंय का हे पाहणं.

आधी लिहिण्याचं बघू. फोनवर जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भाषा या भागात जाऊन मराठी जोडा आणि `abc → मराठी` हा प्रकार निवडा. विंडोजच्या लॅपटॉपवर भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घेऊन तिच्या पर्यायांत `Marathi Phonetic` कीबोर्ड जोडा. २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये तो आहे. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की कीबोर्ड बदलतो.

आता इंग्रजी अक्षरांत `dingore` टाइप करा. कीबोर्डला उच्चार कळत नाही, तो अंदाज करतो. d म्हणजे द की ड, l म्हणजे ल की ळ, हे त्याला कसं ठाऊक असणार? म्हणून `दिंगोरे` येऊ शकतं आणि तांबोळीचं `तंबोली` होऊ शकतं. वर दिसणाऱ्या शब्दांतून बरोबर शब्द आपण निवडायचा. घाईत स्पेस दाबली की पहिला अंदाज कायम होतो.

आपल्या नावांत z चा घोळ जास्त. `Zeenat` लिहिलं की झीनत येईल, जीनत येईल, हिंदी कीबोर्डवर खाली टिंब असलेलं ज़ीनत येईल. आपण तिन्ही एकच वाचतो. पण संगणकाला ही तीन वेगळी नावं आहेत, एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. म्हणून शाळेच्या दाखल्यावर मराठीत जे नाव आहे, अक्षरशः तेच प्रत्येक अर्जावर लिहा.

आणखी एक अक्षर जपा. माळशेजच्या `दऱ्या` आणि समुद्र या अर्थाचा `दर्या` यांत फरक फक्त र कसा जोडला याचा आहे. `डिंगोऱ्यात` लिहिताना `डिंगोर्यात` आलं तर ते चूक. निवडीत बरोबर शब्द नसेल तर मराठी अक्षरांच्या कीबोर्डवर जाऊन ऱ, हलंत आणि य ओळीने टाका.

आता समोरच्याला काय दिसतं ते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठल्याही फोनवर मराठीच राहतं. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये मात्र आत इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. समोर तो फॉन्ट नसला की निरर्थक इंग्रजी दिसतं. ओळखायची युक्ती सोपी: मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी राहिला तर युनिकोड आहे.

आमची यादी युनिकोडमध्येच होती, मग बिघडलं कुठे? आम्ही ती सीएसव्ही फाइल करून पाठवली होती. तिकडच्या एक्सेलने ती कुठल्या पद्धतीने साठवली आहे हे न ओळखता उघडली. `à¤` किंवा `à¥` पुन्हा पुन्हा दिसलं की समजा, मजकूर शाबूत आहे, वाचण्याची पद्धत चुकली आहे. आम्ही मूळ फाइल एक्सेलमध्ये `CSV UTF-8` या प्रकारात पुन्हा साठवून पाठवली आणि तिकडे नावं दिसली.

मात्र अक्षरांच्या जागी `????` दिसलं तर सहसा मजकूर तिथे उरलेला नसतो, नव्यानेच पाठवावा लागतो. नुसते चौकोन दिसले तर त्या यंत्रावर मराठी फॉन्ट नाही. `ि` अक्षराच्या मागे जाऊन बसली, तर तिथलं सॉफ्टवेअर अक्षरं नीट जोडत नाही. अशा वेळी पीडीएफ पाठवा, ती बहुधा जशीच्या तशी दिसते. पण पीडीएफमधून कॉपी केलेलं मराठी अनेकदा तुटतं. समोरच्याला नावं दुसरीकडे उतरवायची असतील तर पीडीएफसोबत साधा मजकूरही द्या.

फाइल पाठवली की समोरच्याला फोन करा. "मिळाली का?" एवढं विचारून थांबू नका, कारण मिळालेली फाइल वाचता येतेच असं नाही. "तिसऱ्या ओळीतलं नाव वाचून दाखवा" असं म्हणा. तांबोळी ऐकू आलं, की मगच फोन ठेवा.