आठवड्याची एक गोळी, भरलेला गिलास आणि अर्धा तास

आज आपण हाडांच्या ठिसूळपणावरच्या एका गोळीबद्दल बोलू. तिचं नाव अलेन्ड्रोनेट. बहुतेक बायांना ती आठवड्यातून एकदाच, ७० मिलिग्रॅमची दिली जाते. कशी घ्यायची ते नीट कळलं नाही, तर ती हाडापर्यंत पोचत नाही आणि अन्ननलिका मात्र भाजते.

आमच्या गटांतल्या त्रेसष्ट वर्षांच्या एका काकूंचं असंच झालं. धुऱ्यावरून पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. अलेन्ड्रोनेट, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सुरू झालं. काकू रात्री जेवण झालं की दोन्ही गोळ्या एकाच घोटात घ्यायच्या आणि लगेच खाटेवर आडव्या व्हायच्या. तिसऱ्या आठवड्यात छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली. पुढे भाताचा घासही गिळताना टोचू लागला.

असं का झालं, ते समजून घेऊ. आपलं हाड मातीच्या भिंतीसारखं असतं. काही पेशी जुना भाग खरवडून काढतात, काही पेशी नवा लिंपतात. पाळी गेल्यावर खरवडणं जोरात चालतं आणि लिंपणं मागे पडतं. अलेन्ड्रोनेट हाडाला जाऊन चिकटतं. खरवडणाऱ्या पेशी हाडासोबत ते औषधही आत घेतात आणि निकामी होतात. म्हणजे ही गोळी खरवडणं थांबवते, पण माती आणून देत नाही. माती म्हणजे कॅल्शियम. ते आतड्यातून रक्तात शिरायला व्हिटॅमिन डी लागतं. म्हणून तिन्ही औषधं लागतात, पण एका वेळी नाही.

अलेन्ड्रोनेट उपाशीपोटी घेतलं तरी शंभरातला एक भागसुद्धा रक्तात जात नाही. त्यात दूध, चहा, जेवण किंवा कॅल्शियमची गोळी मिसळली, तर तेवढंही जात नाही. काकूंच्या हाडांना त्या तीन आठवड्यांत जवळजवळ काहीच मिळालं नव्हतं. उलट कमी पाण्यामुळे आणि आडवं झाल्यामुळे गोळी अन्ननलिकेत अडकली, किंवा पोटातल्या आम्लासोबत परत वर आली. तिथल्या नाजूक अस्तराला हे औषध जाळतं, जखमा करतं. १९९६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी गोळी कमी पाण्यासोबत घेतली होती, किंवा घेऊन आडवे झाले होते.

मग घ्यायची कशी? आठवड्यातला एक वार ठरवा, समजा बाजाराचा दिवस. सकाळी उठल्यावर, चहाच्या आणि तंबाखूच्याही आधी, भरलेला गिलासभर साधं पाणी घ्या. बसून किंवा उभं राहून गोळी अख्खी गिळा. चावू नका, चघळू नका, तोंडाला फोड येतात. त्यानंतर निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. बसा, उभ्या राहा, अंगणात फिरा. वाकून सडा-सारवण करू नका, रोवणीलाही लगेच जाऊ नका. अर्ध्या तासानंतर आधी खाऊन घ्या, मगच टेका. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणासोबत घ्या. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली असेल तितकेच आठवडे घ्या. ती रोज घ्यायची नसते. गोळीचा वार चुकला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्या. एका दिवशी दोन घेऊ नका.

गिळताना दुखलं, घास अडकल्यासारखा वाटला, किंवा छातीत नव्यानं जळजळ सुरू झाली, तर पुढची गोळी घेऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. शौच डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ज्यांची अन्ननलिका अरुंद आहे, ज्यांना अर्धा तास ताठ बसवत नाही, ज्यांचं मूत्रपिंड फार कमजोर आहे किंवा रक्तात कॅल्शियम कमी आहे, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगायचं. दात काढायचा असेल, तर दातांच्या डॉक्टरांनाही ही गोळी चालू असल्याचं सांगा.

काकूंची गोळी डॉक्टरांनी बंद केली आणि आम्ल कमी करणारं औषध दिलं. मग रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंड तपासून झोलेड्रोनिक ॲसिड शिरेतून दिलं. तेही त्याच जातीचं औषध आहे, पण अन्ननलिकेतून जात नाही आणि वर्षातून एकदाच द्यावं लागतं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, काकूंनाही झाली. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी मात्र चालूच आहे.

ज्या घरात ही गोळी आहे, तिथे कॅलेंडरवर त्या वाराभोवती गोल करा आणि बाजूला लिहा: आधी गोळी, चहा अर्ध्या तासानं.