इन्सुलिन आणि नाश्त्याची गाडी

मी सरकारी रुग्णालयात बायकांच्या मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. माझी सकाळची पाळी आठला सुरू होते. नाईटची सिस्टर खाटेखाटेपाशी उभी राहून ओव्हर देते आणि मी माझ्या वहीत दहा पेशंटची कामं उतरवून घेते. ती वही वाचत मी दोन मिनिटं उभी राहते, तेव्हा नातेवाईकांना वाटतं की सिस्टर अजून कामाला लागल्या नाहीत. त्या दोन मिनिटांत काय चालतं ते आज सांगते.

परवाचीच सकाळ घ्या. तीन नंबरच्या आजींना नाश्त्याआधी प्लेन इन्सुलिन. पाच नंबरच्या ताईंनाही तेच, पण नऊ वाजता त्यांची पोटाची सोनोग्राफी, म्हणून त्या उपाशी. सात नंबरला पहाटे ताप आणि थंडी घेऊन आलेली बाई, बीपी नव्वदवर उतरलेलं, अँटिबायोटिक ७.४० ला लिहिलेलं पण अजून दिलेलं नाही. नऊ नंबरला रक्ताची एक पिशवी चढवायची. बाकीच्यांच्या बीपीच्या, व्हिटॅमिनच्या गोळ्या, एक ड्रेसिंग, एक डिस्चार्ज.

खाटांच्या क्रमाने निघाले असते तर सात नंबरपर्यंत पोचायला नऊ वाजले असते. जंतुसंसर्ग रक्तात पसरून बीपी उतरलं असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभराच्या आत जायला हवा. म्हणून आधी सात नंबर. डॉक्टरांनी कल्चरसाठी रक्त काढलं आणि लगेच मी इंजेक्शन सुरू केलं. घड्याळात ८.२० झाले होते.

रक्ताची पिशवी मात्र मी मुद्दाम मागवली नाही. ब्लड बँकेतून बाहेर पडलेली पिशवी अर्ध्या तासात लावावी लागते आणि चार तासांत संपवावी लागते. शिवाय पहिली पंधरा मिनिटं मला पेशंटजवळून हलता येत नाही, कारण अंगावर पित्त उठणं, थंडी वाजणं, धाप लागणं हे बऱ्याचदा तेव्हाच दिसतं. सव्वाआठला पिशवी आली असती तर ती टेबलावर नुसती पडून राहिली असती. साडेनऊला मी मामांना पाठवलं.

आता इन्सुलिन. चार्टवर त्याच्यापुढे आठ वाजताची वेळ लिहिलेली असते, पण खरी वेळ ठरते ती नाश्त्याच्या गाडीवरून. प्लेन इन्सुलिन खाण्याच्या साधारण अर्धा तास आधी द्यायचं असतं. एकदा टोचलं की खाणं येवो न येवो, साखर उतरू लागते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी चार्ट बघून बरोबर आठला एका काकूंना इन्सुलिन दिलं. त्या दिवशी नाश्त्याची गाडी सव्वा तास उशिरा आली. मी दुसऱ्या टोकाला ड्रेसिंग करत होते. शेजारच्या खाटेवरची बाई ओरडली, "सिस्टर, ह्या काहीतरी असंबद्ध बोलतायत." जाऊन पाहते तर कपाळावर दरदरून घाम, हात थरथरतायत, मला आपल्या मुलीच्या नावाने हाक मारतायत. साखर ४८. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ती ८६ झाली होती. गिळता येत नसतं तर शिरेतून ग्लुकोज द्यावं लागलं असतं. काकू बऱ्या झाल्या, पण त्यांचा तो थंडगार, ओला हात मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी आधी मावशींना विचारते, गाडी स्वयंपाकघरातून निघाली का? परवा ती पुरुष वॉर्डात पोचली होती, म्हणजे आमच्याकडे यायला वीस-पंचवीस मिनिटं. मग आजींची साखर तपासली, इन्सुलिन दिलं आणि उपमा समोर आल्यावर त्या खरंच खातायत ना, हे पाहिलं. पाच नंबरच्या ताईंची साखर तपासून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सकाळचं इन्सुलिन थांबवायला सांगितलं. ते मी चार्टवर लिहिलं आणि पुढच्या पाळीसाठी वहीत लाल शाईने नोंदवलं.

गोळ्या नऊनंतर वाटल्या. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्या तासभर मागेपुढे झाल्या तरी चालतं. ड्रेसिंग आणि डिस्चार्ज त्याच्याही नंतर. डिस्चार्जवाल्या बाईंचे यजमान रिक्षा थांबवून उभे होते, त्यांना मी हे समजावून सांगितलं आणि ते थांबले.

नातेवाईकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या माणसाला इन्सुलिन दिलंय आणि अर्ध्या तासात ताट आलं नाही, किंवा इन्सुलिननंतर कुणी येऊन "तपासणी आहे, काही खायला देऊ नका" असं सांगितलं, तर सिस्टरला ताबडतोब हाक मारा. ती कितीही कामात दिसली तरी मारा.